संपाची नोटीस कोणी द्यायची?

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप कागदोपत्री अजून मागे घेतलेला नाही. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. लालबाग, परळ, भायखळा, प्रभादेवी, वरळी इथल्या गिरण्यांचे भोंगे दीड वर्ष जवळजवळ बंद होते. कामगार गावी गेले, काही परतले, पुष्कळांना परत घेतलेच नाही. संप मात्र कोणी अधिकृतपणे संपवला नाही.

एवढे बहुतेकांना ठाऊक असते. हा संप पहिल्या दिवसापासून बेकायदेशीर होता, हे मात्र कमी सांगितले जाते. आणि त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की त्या अडीच लाखांनी ठरवले असते तरी त्यांना कायदेशीर संप करता आला नसता. संपाचा हक्क त्यांना नव्हता असे नाही. तो हक्क वापरण्याची किल्ली दुसऱ्याच संघटनेच्या हाती होती, आणि त्या संघटनेला संप नको होता. ही व्यवस्था ज्या कायद्याने उभी केली त्याचे नाव ‘मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६’. गिरणगावात त्याला सरळ ‘बी.आय.आर.’ म्हणत.

संघटना काढण्याचा हक्क आणि संघटनेच्या वतीने बोलण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईत त्या वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या मार्गांनी आल्या.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी जेवणाची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा त्यातल्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडले. लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला आजच्या अर्थाने युनियन म्हणणे अवघड आहे. नियमित वर्गणी नव्हती, पावती नव्हती आणि कायद्याचे संरक्षणही नव्हते. त्या काळी कामगारांनी एकजुटीने काम थांबवले तर पुढाऱ्यांवर कटाचा खटला भरता येई आणि मालक नुकसानभरपाईही मागू शके.

हा धोका मद्रासमध्ये प्रत्यक्षात उतरला. तिथल्या बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनी कामगार पुढारी बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. त्यानंतर मुंबईचे ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला. आज लोअर परळहून जाणारा डिलाइल रोड त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या प्रयत्नांतून ‘ट्रेड युनियन कायदा, १९२६’ आला. सात माणसे जमली की संघटनेची नोंदणी करता येऊ लागली. नोंदणी झालेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर एकत्र काम थांबवण्याचे ठरवले एवढ्यासाठी कटाचा आरोप ठेवता येत नव्हता. संपाने मालकाचा तोटा झाला म्हणून दिवाणी दावाही चालत नव्हता. २००१ च्या दुरुस्तीने नोंदणीची अट वाढली. सातजणांच्या जोडीला कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढे सभासद लागू लागले.

पण त्या कायद्यात एक मोठी फट राहिली. संघटना नोंदलेली असली तरी मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे, असे त्यात कुठेही नव्हते. एका गिरणीत पाच संघटना असतील तर पाचही कायदेशीर होत्या आणि पाचांपैकी एकीशीही बोलण्याचे बंधन मालकावर नव्हते. ही फट कशी भरायची, यावरून पुढची वीस वर्षे मुंबई धगधगत राहिली.

१९२८ चा संप सहा महिने चालला. त्याच संपात मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, स्थापन झाली. डांगे, आळवे, कासले ही नावे चाळीचाळीत पोहोचली आणि वर्षअखेर तिची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली. सरकारने एकीकडे पुढाऱ्यांवर मीरतचा खटला भरला आणि दुसरीकडे तंटे मिटवण्याची कायदेशीर चौकट आखायला घेतली. त्या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९३८ चा मुंबई औद्योगिक तंटा कायदा. तो इंग्रजांच्या नव्हे, काँग्रेसच्या प्रांतिक सरकारने आणला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. समेटाची ठरलेली प्रक्रिया पूर्ण होण्याआधी संप केला तर तो गुन्हा, असे त्यात म्हटले होते.

डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात या विधेयकावर जे मांडले तो वकिली युक्तिवादाचा उत्तम नमुना आहे. नोकरी हा करार आहे. करार मोडला तर फार तर दिवाणी जबाबदारी येते. पण कामावर न जाणे हा फौजदारी गुन्हा ठरवला तर माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणेच झाले, आणि त्याला गुलामगिरीखेरीज दुसरे नाव देता येणार नाही, अशा आशयाचे ते बोलले. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन एक दिवसाचा सार्वत्रिक संप झाला. कामगार मैदानावर मोठी सभा झाली. कायदा मात्र पास झाला, आणि १९४६ च्या बी.आय.आर.ने त्याच बांधणीवर आणखी पक्की इमारत चढवली.

ही इमारत कुठल्या नकाशावर बांधली, हे पाहायला हवे. त्या वेळचे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा अहमदाबादच्या मजूर महाजन संघातून आले होते. गांधीजी आणि अनसूया साराभाई यांच्या प्रभावाखालच्या त्या शहरात कापडउद्योगात एकच प्रबळ संघटना होती आणि लवादावर तिचा भर होता. अहमदाबादच्या अंगाला बेतलेला तो अंगरखा मुंबईला चढवला गेला. मुंबईत तेव्हा कम्युनिस्ट, समाजवादी, काँग्रेस आणि आंबेडकरी असे सगळेच कामगारांत काम करत होते. माझ्या मते पुढच्या सगळ्या घोळाचे मूळ इथे आहे.

बी.आय.आर.ने सगळे संघटनविश्व एका शिडीवर मांडले. एखाद्या ‘स्थानिक क्षेत्रा’तल्या एखाद्या उद्योगात ज्या संघटनेचे सभासद किमान २५ टक्के असतील तिला ‘प्रातिनिधिक संघटना’ म्हणायचे. मुंबईचा सगळा सुती कापडउद्योग मिळून एक क्षेत्र धरला होता. म्हणजे सत्तरच्या दशकात अडीच लाख कामगारांपैकी सुमारे साडेबासष्ट हजारांची वर्गणी दाखवली, की त्या एका संघटनेला सगळ्या अडीच लाखांच्या वतीने बोलता येई. एकेका गिरणीचा स्वतंत्र विचारच नव्हता. प्रभादेवीच्या गिरणीतले सगळे कामगार एका पुढाऱ्यामागे गेले तरी तिथला करार तो करू शकत नव्हता. ही जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. गं. द. आंबेकर यांनी वाढवलेली, इंटकशी जोडलेली ही संघटना चाळीशीच्या अखेरीपासून त्या जागेवर होती आणि परळच्या मजदूर मंझिलमधून तिचा कारभार चाले.

आता लालबागच्या एका साचेवाल्याला १९८१ च्या दिवाळीत पगारवाढीसाठी कायदेशीर संप करायचा आहे असे समजू. त्याला कोणत्या पायऱ्या चढाव्या लागतील?

सर्वात आधी ‘बदलाची नोटीस’. पगार, कामाचे तास, रजा यांत काही बदल हवा असेल तर मालकाला नोटीस द्यायची आणि तिच्या प्रती समेटाधिकारी, निबंधक आणि कामगार अधिकाऱ्याला पाठवायच्या. साचेवाला ही नोटीस स्वतः देऊ शकत नाही. ती ‘कामगारांच्या प्रतिनिधी’नेच द्यायची असते, आणि प्रातिनिधिक संघटना असेल तर ती जागा तिचीच. म्हणजे पहिल्याच पायरीवर त्याला मजदूर संघाकडे जावे लागते. संघाने नोटीस दिली नाही तर प्रक्रिया सुरूच होत नाही. आणि नोटिशीवाचूनचा संप कलम ९७ प्रमाणे बेकायदेशीर आहे.

समजा नोटीस गेली. मग बोलणी, ती फसली तर समेटाची कार्यवाही. ती चालू असताना संप केला तर बेकायदेशीर. लवादाकडे किंवा औद्योगिक न्यायालयाकडे प्रकरण गेले तर निवाडा लागेपर्यंत संप बेकायदेशीर. आधीचा नोंदलेला करार चालू असेल तर त्याच्या अटींविरुद्धचा संप बेकायदेशीर. आणि समेट फसल्यावर थांबून दोन महिन्यांनी संप केला, तर मुदत उलटली म्हणून तोही बेकायदेशीर. कायदेशीर संपाची खिडकी एवढीच उघडते: समेट संपल्याच्या दिवसापासून दोन महिने, तेही प्रकरण लवादाकडे गेले नसेल तर.

यात एक कलम वाचताना मी थबकलो होतो. मालकाने स्थायी आदेश पाळले नाहीत किंवा बेकायदेशीर बदल केला, एवढ्याच कारणावरून संप करता येत नाही. मालकाने नियम मोडला तरी कामगाराने काम चालू ठेवायचे आणि कामगार न्यायालयाचे दार ठोठावायचे.

‘मान्यताप्राप्त’ यादीत असलेल्या संघटनेला आणखी सवलती होत्या. पगाराच्या दिवशी जिथे पगार वाटला जातो तिथेच वर्गणी गोळा करायची, गिरणीत फलक लावायचा, आवारात सभासदांशी बोलायचे. विरोधी संघटनेला हे सगळे फाटकाबाहेर करावे लागे. या सवलतींच्या बदल्यात मान्यताप्राप्त संघटनेवर बंधनही होते. कोणताही तंटा लवादाकडे नेण्यास तिने नकार द्यायचा नाही, आणि बहुसंख्य सभासदांनी गुप्त मतदानाने होकार दिल्याशिवाय, बाकी सगळे मार्ग संपल्याशिवाय, संपाला पाठिंबा द्यायचा नाही. म्हणजे संपाची किल्ली जिच्या हाती, तिला ती वापरायची नाही अशीच अट जवळजवळ घातलेली होती.

मग कामगारांना ही संघटना नको असेल तर? कायद्यात मार्ग होता. दुसऱ्या संघटनेने निबंधकाकडे अर्ज करून आपले सभासद जास्त आहेत हे सिद्ध केले, तर तिची नोंदणी पहिलीच्या जागी होऊ शके. पण मोजणी मतपेटीतून होत नव्हती. ती होत होती वर्गणीच्या पावत्यांवरून. ज्याची वर्गणी तीन महिने थकली तो सभासदच धरला जात नसे. संपात पगार नसतो, पगार नसला की वर्गणी नसते. म्हणजे जो संप कोणाचे प्रतिनिधित्व खरे हे दाखवण्यासाठी केला जातो, त्याच संपात प्रतिनिधित्वाचा पुरावा दर महिन्याला विरत जातो. शिवाय बेकायदेशीर संपाला चिथावणी देणाऱ्या संघटनेची नोंदणी रद्द करण्याची तरतूदही कायद्यात होती.

न्यायालयांनीही इथे फारशी फट ठेवली नाही. गिरजाशंकर काशीराम या १९६२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रातिनिधिक संघटना एखाद्या कार्यवाहीत उभी राहिली की त्या कार्यवाहीत कामगाराला स्वतः उभे राहता येत नाही. १९७८ च्या संतुराम खुदाई प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट झाले. संघटना प्रामाणिकपणे वागते की नाही हा मुद्दा तिथे गैरलागू आहे. ती आपल्या हिताविरुद्ध वागते असे कामगारांना वाटत असेल, तर त्यांनी तिची नोंदणी काढून घेण्यासाठी झटावे. म्हणजे पुन्हा पावत्या.

१९८२ च्या आधीही हे कुलूप उघडायचे प्रयत्न झाले होते. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने संप चालवला. जवळपास दोन लाख कामगार उतरले, पण बोलणी मजदूर संघाशीच होणार हा नियम हलला नाही आणि संप फसला. १९७४ मध्ये डाव्यांच्या पुढाकाराने आणखी एक मोठा संप झाला. १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या करारावरून कामगार पुन्हा खवळले. स्टँडर्ड मिलसह काही गिरण्यांचे कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या घाटकोपरच्या घरी गेले आणि आमचे नेतृत्व करा असे म्हणाले. सामंत पेशाने डॉक्टर होते. अभियांत्रिकी कारखान्यांत त्यांनी मोठमोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. त्या कारखान्यांवर बी.आय.आर. लागू नव्हता, आणि हा फरक त्या वेळी फार थोड्यांनी बोलून दाखवला. तिथे कामगार ज्याच्यामागे आहेत त्याच्याशी मालकाला करार करता येत होता. गिरण्यांत मालकाने मनात आणले तरी सामंतांशी केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक ठरला नसता.

म्हणूनच सामंतांच्या मागण्यांत पगार, रजा आणि बदली कामगारांना कायम करणे यांबरोबर आणखी दोन मागण्या होत्या: बी.आय.आर. रद्द करा, आणि मजदूर संघाची मान्यता काढा. पगाराची मागणी गिरणीमालकांकडे होती, पण या दोन मागण्या सरकारकडे होत्या. कायदा बदलायचा तर विधानसभा हवी होती. संप सुरू झाला त्याच आठवड्यात अंतुले जाऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले, आणि पुढे फेब्रुवारी १९८३ मध्ये वसंतदादा पाटील आले. यातल्या कोणीही इंटकच्या संघटनेला तिच्या जागेवरून हटवायला तयार नव्हते. मुंबईत सामंत जिंकले तर बंदर, रेल्वे, सरकारी कारखाने इथेही हेच होईल, ही दिल्लीची भीती होती.

कायद्याचे कुलूप कामगारांना अन्यायकारक वाटत होते यात शंका नाही. पण सामंतांच्या डावपेचांतही एक कच्चा दुवा होता. त्यांचा भर ताकदीवर होता. पावत्या गोळा करणे, निबंधकाकडे अर्ज लावून धरणे, ही कंटाळवाणी कामे संपाच्या आधी सहा-आठ महिने करायची असतात. तेवढा वेळ घेतला असता तर कदाचित कामगारांचा उत्साह ओसरला असता. घेतला नाही, म्हणून कायद्याच्या नजरेत अडीच लाखांचा संप हा अडीच लाख व्यक्तींची बेकायदेशीर गैरहजेरी राहिला. गैरहजर कामगारांना नोटिसा पाठवणे, बडतर्फ करणे आणि नंतर निवडून परत घेणे, हे सगळे त्यामुळे मालकांना सोपे गेले. जुनाट यंत्रांच्या गिरण्यांना कामगार कमीच करायचे होते. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, तोवर संप विरला होता. १९८४ मध्ये याच गिरणगावाच्या मतदारसंघातून सामंत अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. पावत्यांच्या हिशेबात जे कधी उतरले नाही, ते मतपेटीतून उतरले.

बी.आय.आर. राज्याचा आणि ठराविक उद्योगांचा कायदा होता. बाकी उद्योगांना १९४७ चा औद्योगिक तंटा कायदा लागू होता. त्यात संपाला मोकळीक जास्त होती. साध्या खासगी कारखान्यात नोटीस देण्याची सक्तीही नव्हती. फक्त समेट मंडळापुढे किंवा न्यायाधिकरणात प्रकरण चालू असताना, किंवा चालू कराराच्या विषयांवर, संप करता येत नसे. सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना मात्र १४ दिवसांची नोटीस लागे. घटनेकडे पाहिले तर तिथेही तीच विभागणी दिसते. कलम १९ ने संघटना काढण्याचा मूलभूत हक्क दिला आहे. पण संघटनेने जे जे करावे त्या सगळ्याचा, म्हणजे संपाचाही, हक्क त्यात आपोआप येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात ठरवले. २००३ मध्ये तामिळनाडूच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात तर त्यांना संपाचा कसलाही हक्क नाही इथवर न्यायालय गेले. संघटनास्वातंत्र्य आणि सामूहिक सौदा यांविषयीचे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने आजवर स्वीकारलेले नाहीत.

‘औद्योगिक संबंध संहिता, २०२०’ नोव्हेंबर २०२५ मध्ये देशभर लागू झाली आणि १९२६ व १९४७ या दोन्ही कायद्यांची जागा तिने घेतली. सार्वजनिक सेवांपुरती असलेली १४ दिवसांच्या नोटिशीची अट तिने सगळ्या औद्योगिक आस्थापनांना लावली. नोटीस दिली की समेट सुरू होऊ शकतो, आणि समेट चालू असताना व त्यानंतर सात दिवस संप नाही. म्हणजे समेट सुरू राहिला तर १४ दिवस कधी संपले याला फारसा अर्थ उरत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो.

प्रतिनिधित्वाचा हिशेब मात्र तिने उलटा मांडला आहे. आस्थापनेत एकापेक्षा जास्त संघटना असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाट करील. तेवढा कोणाचाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची परिषद बसेल. एकक इथे संपूर्ण शहराचा उद्योग नाही, एक आस्थापना आहे. १९८१ मध्ये हा नियम असता तर प्रभादेवीच्या एका गिरणीत सामंतांची संघटना एकटी वाटाघाटीला बसू शकली असती, आणि शेजारच्या गिरणीत मजदूर संघ. पाठिंबा पडताळायचा कसा, हे संहितेने स्वतः सांगितलेले नाही. ते सरकारने करायच्या नियमांवर सोडले आहे, आणि संघटनांचे वकील सध्या तेच नियम वाचत आहेत.